मापातली तूट : शुद्धिस्थान आणि मृतांसाठीची कॅथलिक प्रार्थना

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणीत मृत्यूनंतरच्या ज्या अवस्थांचा उल्लेख येतो, त्यांपैकी स्वर्ग आणि नरक या दोन कल्पना इतर धर्मीयांना निदान नावाने परिचित असतात. तिसरी अवस्था मात्र बहुतेकांना अपरिचित असते, आणि ज्यांनी तिचे नाव ऐकलेले असते त्यांच्याही मनात तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज असतात. लॅटिनमध्ये या अवस्थेला ‘पुर्गातोरियुम’ म्हणतात, ज्याचा अर्थ ‘शुद्ध करणारे’ असा होतो. इंग्रजी शाळांतून शिकलेले नागपूरकर कॅथलिक तिला ‘परगेटरी’ म्हणतात आणि मराठी धार्मिक लेखनात तिच्यासाठी ‘शुद्धिस्थान’ हा शब्द वापरला जातो. शब्दात ‘स्थान’ असले तरी ही अवस्था भूगोलातील जागेसारखी समजू नये, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ४ ऑगस्ट १९९९ रोजीच्या आपल्या प्रवचनात स्पष्ट केले होते; ती माणसाच्या आत्म्याची एक स्थिती आहे, आणि त्या स्थितीतील माणसासाठी जिवंत माणसे काही करू शकतात, हा त्या शिकवणीचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

या शिकवणीचा गाभा एका भेदात आहे. हा भेद समजला की पुढचे सारे सोपे होते, आणि तो निसटला की शुद्धिस्थान म्हणजे एक तर अर्धा नरक वाटू लागतो किंवा मृत्यूनंतर मिळणारी परीक्षेची दुसरी संधी. कॅथलिक धर्मशिक्षणानुसार पापाचे दोन परिणाम असतात. गंभीर पापामुळे माणसाचे देवाशी असलेले नाते तुटते, आणि ते तुटलेले नाते तसेच ठेवून मरण आल्यास होणाऱ्या कायमच्या वियोगाला ‘शाश्वत दंड’ म्हणतात. परंतु प्रत्येक पापाचा, मग ते लहान असो वा मोठे, आणखी एक परिणाम असतो : ते माणसाच्या मनाला एक वळण लावते, एखाद्या वस्तूची किंवा सुखाची चुकीची ओढ मागे ठेवते आणि जगात काही तरी बिघाड करून जाते. क्षमेने नाते पुन्हा जुळते, तरी हे वळण आणि हा बिघाड त्याच क्षणी नाहीसा होत नाही. तो दुरुस्त करण्याचे जे दुःखदायक काम उरते, त्याला ‘ऐहिक दंड’ किंवा अधिक नेमकेपणाने ‘कालबद्ध दंड’ म्हणतात. ‘दंड’ या शब्दामुळे न्यायालयाने ठोठावलेल्या रकमेचा भास होतो, पण विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ’ या अधिकृत ग्रंथाच्या १४७२ व्या परिच्छेदात असे बजावले आहे की, हा दंड देवाने बाहेरून लादलेला सूड नसून पापाच्या स्वभावातूनच निघणारे त्याचे फळ आहे.

गांधीबागेच्या कापडबाजारातील एक कल्पित उदाहरण घेतल्यास हा भेद हाताला लागतो. एका ठोक दुकानात काम करणारा एक कॅथलिक विक्रेता कापड मोजताना ते पट्टीवर हलकेच ताणून धरतो, त्यामुळे दहा मीटरच्या मापात दर वेळी काही बोटांची तूट राहते, आणि ही गोष्ट तो दहा वर्षे करत राहतो असे समजू. एके दिवशी त्याला खरा पश्चात्ताप होतो, तो चर्चमध्ये जाऊन धर्मगुरूसमोर पापनिवेदन करतो आणि त्याला पापक्षमा मिळते. कॅथलिक श्रद्धेनुसार त्या क्षणी त्याचे देवाशी असलेले नाते पूर्णपणे पूर्ववत होते; त्यात काहीही हातचे राखलेले नसते. पण दुसऱ्या दिवशी दुकानात उभे राहिल्यावर त्याचा हात सवयीने कापड ताणू पाहतो. ज्या पोराला त्याने हाताखाली घेऊन धंदा शिकवला, तोही तसेच मोजायला शिकलेला असतो. ज्या गिऱ्हाइकांचे कापड कमी भरले, त्यांचे पैसे अजून परत गेलेले नसतात, आणि कॅथलिक नीतिशास्त्रानुसार ते परत करण्याचे बंधन पापक्षमेनेही उठत नाही. गिऱ्हाइके ओळखू येत नसतील तर तेवढी रक्कम गरिबांना देणे त्याला भाग आहे. म्हणजे अपराध माफ झाला, तरी तूट भरून काढणे बाकी आहे, आणि ही तूट पैशाइतकीच त्याच्या स्वतःच्या स्वभावातही पडलेली आहे.

हे काम आयुष्य असतानाच करायचे असते. प्रार्थना, उपवास, दानधर्म, भरपाई, आजारपण आणि दुःख शांतपणे सोसणे, ही सारी त्याचीच साधने मानलेली आहेत. परंतु पुष्कळ माणसे ते काम अर्धवट टाकून मरतात. असा माणूस देवाशी मैत्रीत मेलेला असतो, म्हणून नरकाचा प्रश्न त्याच्या बाबतीत उरत नाही. पण त्याच्या मनाचे जुने वळण अजून सरळ झालेले नसते, म्हणून देवाच्या पूर्ण सान्निध्यात उभे राहण्याइतका तो शुद्धही नसतो. मृत्यूनंतरची ती उरलेली शुद्धी म्हणजे शुद्धिस्थान. धर्मशिक्षणग्रंथाच्या १०३० ते १०३२ या परिच्छेदांत दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत : शुद्धिस्थानातील माणसाचे तारण निश्चित झालेले असते, आणि ही शुद्धी शापित लोकांच्या शिक्षेहून पूर्णपणे वेगळी असते. मृत्यूच्या क्षणीच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो आणि त्यानंतर निर्णय बदलत नाही, म्हणून शुद्धिस्थान ही जिवंतपणी देवाला नाकारलेल्या माणसाला मिळणारी नवी संधी नव्हे. ज्याचा निर्णय आधीच चांगला लागला आहे, त्याच्या राहिलेल्या डागडुजीचे ते नाव आहे.

शुद्धिस्थानाविषयी बोलताना अग्नीची प्रतिमा परंपरेने वापरली जाते. तिचे मूळ नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सापडते, जिथे प्रेषित पौल माणसाच्या कामाची अग्नीने होणारी परीक्षा सांगतो. गांधीबागेला लागून असलेल्या इतवारीच्या सराफ ओळीत ज्याने सोने गाळताना पाहिले आहे, त्याला ही प्रतिमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही : मुशीतली आग सोन्याचे काही वजन कमी करत नाही, ती फक्त हिणकस जाळते, आणि हिणकसाला ती आगच वाटते. इटलीतील जिनोव्हा शहरात रुग्णसेवा करणाऱ्या संत कॅथरिन (१४४७–१५१०) यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात हा अग्नी देवाच्या प्रेमाहून वेगळा नाही असा विचार मांडलेला आहे, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ सालच्या ‘स्पे साल्वी’ या परिपत्रकात त्याच दिशेने लिहिले. खुद्द ख्रिस्तसभेने मात्र या अग्नीचे स्वरूप कधीच सिद्धांत म्हणून ठरवलेले नाही. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत पूर्वेकडील ग्रीक धर्मपंडितांनी अग्नीच्या कल्पनेला आक्षेप घेतला, तेव्हा अंतिम घोषणेत तो शब्दच घातला गेला नाही. फक्त मृत्यूनंतर शुद्धी होते आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा मृतांना उपयोग होतो, एवढेच मांडले गेले. १५६३ च्या डिसेंबरमध्ये ट्रेन्ट येथील परिषदेने याच दोन गोष्टी पुन्हा सांगितल्या आणि त्यांना एक सूचना जोडली, जी आजही वाचण्यासारखी आहे : अवघड आणि सूक्ष्म प्रश्न सामान्य लोकांपुढील प्रवचनांत काढू नयेत, आणि ज्यात निव्वळ कुतूहल, अंधश्रद्धा किंवा पैशाचा लोभ आहे, असे सारे बिशपांनी बंद करावे. पुस्तकांतून आणि चित्रांतून शुद्धिस्थानाची जी भयंकर वर्णने पसरली, त्यांचा भार या शिकवणीवर टाकणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा ‘शुद्धिस्थान’ या शब्दाहून पुष्कळ जुनी आहे. कॅथलिक पंडित तिचा आधार दुसऱ्या मक्काबी या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात दाखवतात. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात ज्यू सेनानी यहुदा मक्काबी याच्या सैन्यातील काही शिपाई लढाईत पडले. त्यांना पुरण्यासाठी उचलले असता त्यांच्या अंगरख्यांखाली यामनिया गावच्या मूर्तींचे ताईत सापडले, जे बाळगणे ज्यू धर्मशास्त्रात निषिद्ध होते. तेव्हा इतरांनी मृतांचे पाप पुसले जावे म्हणून प्रार्थना केली, आणि यहुदाने प्रत्येकाकडून वर्गणी जमवून सुमारे दोन हजार द्रम्मे चांदी पापार्पणासाठी यरुशलेमच्या मंदिराला पाठवली. या कथेतून मृतांसाठी प्रार्थना आणि अर्पण करण्याची प्रथा स्पष्ट दिसते, पण शुद्धिस्थानाचा संपूर्ण सिद्धांत तिच्यातून निघत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो सिद्धांत ख्रिस्तसभेने या प्रथेवर अनेक शतके विचार करून मांडला आहे. ३८७ साली रोमजवळील ओस्तिया येथे मरणासन्न असलेल्या मोनिकाने आपला मुलगा ऑगस्टिन याच्याकडे थडग्याविषयी कोणताही आग्रह धरला नाही, फक्त प्रभूच्या वेदीजवळ आपली आठवण करावी एवढेच मागितले, आणि कॅथलिक घरांतील आजची प्रथा त्याच मागणीची पुढची कडी आहे.

नागपूरच्या वाचकाला येथे एक प्रश्न साहजिकच पडतो, कारण या शहरातील अनेक ख्रिस्ती घरांत मृतांसाठी अशी प्रार्थना केली जात नाही. त्याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्या प्रेस्बिटेरियन परंपरेचे वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्र मृतांसाठी प्रार्थना करू नये असे स्पष्ट सांगते, आणि अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांतील बाविसावे कलम शुद्धिस्थानाची रोमन शिकवण नाकारते. यांसह अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये स्थापन झाली. दुसरीकडे फ्रान्समधील आन्सी येथून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरींनी मध्य भारतात कॅथलिक कार्य उभे केले, १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, आणि सदर भागातील संत फ्रान्सिस द सेल्स कॅथीड्रल हे त्याचे मुख्य देवालय आहे. या दोन परंपरांची बायबलेही सारखी नाहीत : प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ ग्रंथ असतात आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३, आणि मक्काबीचे ग्रंथ त्या जास्तीच्या सातांत येतात. मराठी ख्रिस्ती घरांत सर्वाधिक आढळणारे बायबल प्रोटेस्टंट परंपरेचे असल्याने यहुदा मक्काबीची वर्गणी त्यात शोधूनही सापडत नाही, आणि नोव्हेंबरात थडग्यावर फुले ठेवणारे दोन शेजारी एकच कृती करत असले, तरी त्यातला एक मृताची आठवण करत असतो आणि दुसरा मृतासाठी काही तरी करत असतो.

हिंदू वाचकाला पितृपंधरवडा आठवणेही स्वाभाविक आहे, आणि आपल्या माणसांसाठी मृत्यूनंतरही काही कर्तव्य उरते ही भावना दोन्हीकडे आहे. फरक मात्र मुळातला आहे. कॅथलिक शिकवणीत पुनर्जन्म नाही, मृतांना अन्न पोहोचवायचे नसते, आणि कोणी प्रार्थना केली नाही म्हणून मृत व्यक्ती घरावर रुष्ट होते, मुलाचे लग्न अडते किंवा धंदा बसतो, असे मानायला जागाच नाही. शुद्धिस्थानातील माणूस देवाच्या प्रेमात असतो. तो कोणाला त्रास देत नाही. मृताला बोलावून प्रश्न विचारणे, प्लँचेट करणे हे तर ख्रिस्तसभेत निषिद्धच आहे. म्हणून भीतीपोटी केलेली प्रार्थना आणि या शिकवणीतली प्रार्थना यांतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे : जिथे ‘न केल्यास काय होईल’ हा विचार आधी येतो, तिथे गाडी दुसऱ्याच रुळावर गेलेली असते.

जिवंत माणसाची प्रार्थना मृताच्या उपयोगी कशी पडते, याचे उत्तर ‘संतांचा सहभाग’ या श्रद्धेत आहे. पृथ्वीवरचे भाविक, शुद्धी होत असलेले मृत आणि स्वर्गातील संत मिळून ख्रिस्ताचे एकच शरीर आहे, आणि शरीराच्या एका अवयवाने दुसऱ्यासाठी काम करणे हा शरीराचा धर्मच आहे, असे ती श्रद्धा सांगते. ही मदत तीन वाटांनी होते : मिस्सा, म्हणजे वेदीवर भाकर व द्राक्षरस अर्पून केला जाणारा ख्रिस्तयाग, जो सर्वांत श्रेष्ठ मानला जातो; जपमाळ, दान आणि त्याग यांसारखी भाविकांची स्वतःची कृत्ये; आणि ‘इंडल्जन्स’, ज्याला दंडमाफी म्हणता येईल.

या तिसऱ्या वाटेविषयी सर्वाधिक गोंधळ आहे. दंडमाफी ही पापाची क्षमा नव्हे, आणि पुढे करायच्या पापाची परवानगी तर मुळीच नव्हे. ज्या पापाचा अपराध आधीच क्षमा झालेला आहे, त्याच्या उरलेल्या कालबद्ध दंडातून दिलेली ती सूट आहे. ती अंशतः असते किंवा पूर्ण असते. १५१७ साली जर्मनीत दंडमाफीच्या नावाने चाललेल्या पैशाच्या वसुलीमुळे मार्टिन ल्यूथर यांचा विरोध पेटला, ही गोष्ट शालेय इतिहासातही येते, आणि त्या व्यवहाराबद्दल कॅथलिक इतिहासकारही सारवासारव करत नाहीत. दुसरा गोंधळ जुन्या प्रार्थनापुस्तकांनी निर्माण केला. एखाद्या प्रार्थनेखाली ‘३०० दिवसांची दंडमाफी’ असे छापलेले असे, आणि भाविक समजत की शुद्धिस्थानातले ३०० दिवस कमी झाले. प्रत्यक्षात तो आकडा प्राचीन काळी पाप्याला कराव्या लागणाऱ्या जाहीर प्रायश्चित्ताच्या दिवसांचा होता. ३०० दिवसांच्या प्रायश्चित्ताइतके पुण्य, एवढाच त्याचा अर्थ होता. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ही दिवसांची मोजणी पूर्णपणे बंद केली, आणि आज एखाद्या पुस्तकात असा आकडा दिसल्यास ते पुस्तक त्या सुधारणेच्या आधीचे आहे, हे लगेच ओळखता येते.

आजचा नियम कसा चालतो, हे पाहण्यासाठी वरच्या कल्पित विक्रेत्याकडे परत वळता येईल. तो वारला आहे, आणि त्याचा मुलगा नोव्हेंबर महिन्यात वडिलांसाठी पूर्ण दंडमाफी मिळवू पाहतो आहे असे समजू. १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत जो भाविक दफनभूमीला श्रद्धेने भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करतो, मग ती मनातल्या मनात का असेना, त्याला त्या प्रत्येक दिवशी एक पूर्ण दंडमाफी मिळू शकते, आणि ती फक्त मृतांनाच लावता येते. याशिवाय २ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, देवालयाला भेट देऊन प्रभूची प्रार्थना आणि श्रद्धासूत्र म्हटल्यासही ती मिळते. पण पूर्ण दंडमाफी दिवसाला एकच असल्याने एका दिवसात दोन्ही करून दोन मिळत नाहीत. मुलाने ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा पापनिवेदन केले असेल तर ते आठही दिवसांना पुरते, कारण कृतीच्या आधी किंवा नंतर सुमारे वीस दिवसांच्या आत केलेले पापनिवेदन चालते. पवित्र कम्युनियन मात्र, म्हणजे मिस्सेतील ख्रिस्तशरीराचा स्वीकार, आणि पोपच्या हेतूंसाठीची प्रार्थना, जिच्यासाठी एकदा प्रभूची प्रार्थना व एकदा ‘नमो मरिया’ म्हणणे पुरेसे धरले जाते, या दोन गोष्टी प्रत्येक दंडमाफीसाठी वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्या त्याच दिवशी करणे उचित समजले जाते.

शेवटची अट सर्वांत अवघड आहे : मनात कोणत्याही पापाची ओढ, अगदी क्षुल्लक पापाचीही, उरलेली नसावी. इथेच बहुतेकांचा प्रयत्न अपुरा राहतो. मुलगा वडिलांच्या थडग्यापाशी गुडघे टेकून प्रार्थना करत असताना, संध्याकाळी दुकानात तीच जुनी पट्टी तसेच कापड ताणून वापरायची आहे असे त्याच्या मनात असेल, तर दंडमाफी पूर्ण न राहता अंशतःच होते. ती पूर्ण झाली की अंशतः, हे सांगणारा कोणताही दाखला ख्रिस्तसभा देत नाही, कारण मनाची ती स्थिती देवालाच कळते. शिवाय जिवंत माणसावर ख्रिस्तसभेचा अधिकार चालतो तसा तो मृतावर चालत नाही. म्हणून मृतासाठीची दंडमाफी हुकूम म्हणून लागू होत नाही, ती विनंती म्हणून देवापुढे ठेवली जाते आणि तिचा विनियोग देवाच्या हाती सोडला जातो. कोविडच्या साथीत दफनभूमीत गर्दी होऊ नये म्हणून रोमच्या संबंधित कार्यालयाने २२ ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने ही आठ दिवसांची मुभा संपूर्ण नोव्हेंबर महिन्यात विभागून वापरण्याची परवानगी दिली होती. त्यावरून दिसते की आठवड्याच्या तारखा ही ख्रिस्तसभेने घालून दिलेली व्यवस्था आहे, त्यांत स्वतःची अशी काही जादू नाही.

या मुलावर आणखी एक गोष्ट बंधनकारक आहे, आणि ती बहुधा विसरली जाते. वडिलांच्या मागे आलेल्या संपत्तीत मापातल्या तुटीचे पैसे असतील, तर ते परत करण्याचे बंधन वारसावर येते. त्याच पैशातून वडिलांच्या नावाने कितीही मिस्सा सांगितल्या तरी ते बंधन फिटत नाही. मृतासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याच्या वतीने दान देणे असे जर मानायचे, तर आधी त्याने घेतलेले परत करणे हेच पहिले दान ठरते.

मिस्सेच्या बाबतीत पैशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण मृताच्या नावाने मिस्सा अर्पण करून घेताना धर्मगुरूला काही रक्कम देण्याची रीत जुनी आहे. सातव्या दिवशी, महिना झाल्यावर आणि वर्षश्राद्धासारखी दर वर्षी, कॅथलिक कुटुंबे अशा मिस्सा सांगतात. ही रक्कम मिस्सेची किंमत नव्हे, कारण मिस्सेला किंमत नसते. ती धर्मगुरूच्या निर्वाहासाठी आणि ख्रिस्तसभेच्या कार्यासाठी दिलेले अर्पण आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने तिच्याभोवती घट्ट कुंपण घातलेले आहे : व्यापाराचा नुसता आभासही होता कामा नये, जितक्या जणांकडून वेगवेगळे अर्पण घेतले, तितक्या मिस्सा वेगवेगळ्या अर्पिल्या पाहिजेत, रकमेचे प्रमाण प्रत्येक धर्मगुरूने नव्हे, तर त्या प्रांताच्या बिशपांनी मिळून ठरवायचे, आणि गरिबाकडे द्यायला काही नसेल तरीही त्याच्या हेतूने मिस्सा अर्पावी, अशी आग्रहाची शिफारस आहे. एकाच मिस्सेत दहा कुटुंबांची नावे वाचून दहांकडून अर्पण घेण्याचा प्रकार काही ठिकाणी वाढला, तेव्हा १९९१ साली रोमहून आलेल्या आदेशाने अशा सामुदायिक हेतूच्या मिस्सा देणाऱ्यांना आधी सांगून, त्यांच्या संमतीने आणि आठवड्यातून दोनदाच घ्याव्यात, अशी मर्यादा घालण्यात आली, आणि धर्मगुरूने अशा मिस्सेतून फक्त एका मिस्सेचे अर्पण स्वतःजवळ ठेवावे असे ठरले. ज्याच्या नावाने मिस्सा व्हावी तो कॅथलिकच असला पाहिजे असेही नाही. संहितेच्या ९०१ व्या कलमानुसार धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत माणसासाठी मिस्सा अर्पू शकतो.

मृतांसाठी सलग तीस दिवस तीस मिस्सा अर्पण्याची एक खास प्रथाही आहे, जिला ‘ग्रेगरियन मिस्सा’ म्हणतात. तिचे मूळ सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरले ग्रेगरी यांनी सांगितलेल्या एका कथेत आहे. युस्तुस नावाच्या एका मठवासीयाने अपरिग्रहाचा नियम मोडून तीन सोन्याची नाणी लपवून ठेवली होती. तो वारल्यावर ग्रेगरी यांनी त्याच्यासाठी तीस दिवस रोज मिस्सा अर्पण्यास सांगितले, आणि शेवटी तो आपल्या भावाला दिसून आता आपण बरे आहोत असे म्हणाला. एखाद्या धर्मगुरूच्या आजारपणामुळे ही मालिका मध्येच खंडित झाली तर त्या मृताचे काय, अशी काळजी कुटुंबांना वाटते. ख्रिस्तसभेने खुलासा केला आहे की अनपेक्षित अडचणीमुळे खंड पडला तरी फळ वाया जात नाही, फक्त राहिलेल्या मिस्सा शक्य तितक्या लवकर पूर्ण कराव्या लागतात. तिसाचा आकडा भक्तीला दिलेला आधार आहे. तो यंत्राची कळ नव्हे, हे या खुलाशातून कळते.

२ नोव्हेंबर हा स्मरणदिन फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी १००० सालाच्या आसपास आपल्या मठांत सुरू केला आणि तेथून तो पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात पसरला. त्या दिवशी एका धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण्याची मुभा आधी स्पेनच्या काही मठवासीयांत रूढ होती. १७४८ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ती स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या ताब्यातील प्रदेशांना दिली, ज्यांत त्या काळचा पोर्तुगीज गोवाही येत होता. नागपूरसारख्या इतर सर्व ठिकाणच्या धर्मगुरूंना ती १९१५ च्या ऑगस्टमध्ये मिळाली. पहिले महायुद्ध सुरू होऊन वर्ष झाले होते, युरोपभर मृतांची संख्या रोज वाढत होती, आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तेव्हा ती जगातील सर्व धर्मगुरूंना दिली. तिच्यासोबत त्यांनी एक अट घातली. तीन मिस्सांपैकी एकच मिस्सा धर्मगुरूने कोणा एका कुटुंबाच्या सांगण्यावरून आणि अर्पण घेऊन करायची. एक पोपच्या हेतूंसाठी. आणि एक सर्व मृत भाविकांसाठी, जिच्यासाठी कोणाकडूनही एक पैसा घ्यायचा नाही. ज्या थडग्यांवर कोणी मेणबत्ती लावायला येत नाही, ज्यांची नावे पुसली गेली आहेत आणि ज्यांचे वारस शहर सोडून गेले आहेत, त्या सर्वांची नावे त्या दिवशी त्या मिस्सेत, न उच्चारता, येतात.